बीपी लो आहे म्हणे! तरण्या पोरापोरींचा लो बीपी कधी सोडून द्यायचा आणि कधी तपासायचा

माझा दवाखाना नागपुरात नंदनवनकडे आहे आणि ओपीडीत आठवड्यातून चार-पाच तरी आया आपल्या पोरीला घेऊन येतात नि बसायच्या आधीच सांगून टाकतात, "म्याडम, हिचा बीपी नेहमी लोच राहते, काही खातच नाही ना बाप्पा." पोरगी बाजूला मोबाईल घेऊन मजेत बसलेली असते. मशीन लावलं तर ९४/६० येतो. आता या आकड्याचं करायचं काय? बहुतेक वेळा काहीच नाही. पण कधीकधी याच दारातून असं पोरगं येतं की त्याचा बीपी एकदम नॉर्मल असतो आणि मला त्याला त्याच दिवशी हार्टवाल्याकडे पाठवावं लागतं. म्हणून मी लोकांना सांगते की मशीनवरचा आकडा नंतर पाहू, आधी सांगा पडला कसा.

दोन पेशंट सांगते, नावं नाही सांगत, आणि ओळखू येऊ नये म्हणून थोडंफार बदललंय.

पहिली बी.एस्सी.ची पोरगी, वय २०, वजन ४६ किलो. नवरात्रात कोराडीच्या देवीला गेली, उपास होता, सकाळपासून फक्त चहा, आणि पाणी मुद्दाम कमी प्यायली कारण मध्येच बाथरूमला कुठं जाणार. दीड-दोन तास लाईनीत उभी. आधी जांभया यायला लागल्या, मग मळमळ, अंग गरम झालं, कानात सूं असा आवाज, डोळ्यापुढे अंधारी, आणि दरदरून घाम येऊन खाली. खाली म्हणजे पूर्ण खाली पण नाही, मागच्या बायकांनी तिला दोन्ही काखेत धरून उभीच ठेवली, आणि तिथंच तिचे हात चार-पाच सेकंद थरथरले, मग कोणीतरी ओरडलं मिरगी आहे, कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा. शेवटी आडवी टाकली तर अर्ध्या मिनिटात डोळे उघडले, "मी कुठं आहे" वगैरे काही नाही, आईला लगेच ओळखलं, फक्त पांढरीफट्ट पडली होती. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, बीपी ८६/५४ निघाला, सलाईन लावलं, टॉनिक दिलं आणि फाईलवर लिहून दिलं "लो बीपी". तेव्हापासून घरात ती लो बीपीची पेशंट.

दुसरा पोट्टा १९ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. रोज पहाटे मैदानावर १६०० मीटरची प्रॅक्टिस. एक दिवस तिसऱ्या राऊंडमध्ये पळता पळताच पडला, चक्कर नाही, घाम नाही, कोणाला आवाज नाही, सरळ तोंडावर, ओठ फाटला आणि दात हलला. दोन मिनिटांत उठून बसला, पाणी प्यायला, मित्र म्हणाले ऊन लागलं असेल. सकाळी साडेपाचला ऊन! कोणीतरी बीपी पाहिला तर ११८/७६, म्हणजे एकदम बरोबर, मग सगळे निश्चिंत झाले.

पोरीच्या हार्टमध्ये काही नव्हतं, पोराच्या होतं. का ते खाली येतंच, पण आधी घरी जे करता येतं ते.

आधी बीपी नीट मोजा

पुस्तकात ९०/६० च्या खाली लो म्हणतात. पण बारीक, तरण्या पोरींचा बीपी ९०-१०० च्या आसपास असणं एकदम कॉमन आहे, काहींचा तर ८५ पण असतो आणि त्या दिवसभर कॉलेज, क्लास, गरबा सगळं करतात. रोज पळणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या पोरांचा पण कमी सापडतो आणि नाडी ५०-५५ असते. हाय बीपीसारखं लो बीपीने आतल्या आत किडनी, हार्ट खराब होत राहत नाही. त्रास नसेल तर तो तुमचा नॉर्मल, विषय संपला. रक्तदान शिबिरात वरचा आकडा १०० च्या खाली दिसला की परत पाठवतात, तो नियम रक्त देताना तुम्ही पडू नये म्हणून आहे, त्याचा अर्थ तुम्हाला आजार आहे असा नाही होत.

आता मोजण्यात काय चुकतं ते पाहा. बारीक पोरींमध्ये सगळ्यात जास्त चुकतो तो पट्टा. घरच्या मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून बारीक असला तर पट्टा मोठा पडतो आणि मोठा पट्टा बीपी खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. शिंप्याची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड मोजा. कोराडीला गेलेल्या पोरीचा दंड निघाला २१, नेहमीच्या पट्ट्याने ९४/६० आणि लहान पट्ट्याने १००/६४. म्हणजे निम्मा आजार पट्ट्याचाच होता!

दुसरं म्हणजे हाताची उंची. हात टेबलवर, पट्टा छातीच्या मधोमध येईल असा. हात १० सेंटीमीटर वर गेला की आकडा सात-आठने कमी येतो. कुशीवर झोपून वरच्या हाताला पट्टा लावला तर हमखास लो दिसतो. पाच मिनिटं टेकून बसा, बोलू नका, दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट सोडा. आणि चक्कर येऊन पडल्यावर लगेच मोजलेला बीपी तर कोणाचाही कमीच येणार, त्यामुळेच तर तो पडला, तो आकडा फाईलवर कायमचा चिकटवण्यात काही अर्थ नाही.

उभं राहून मोजा, खरी गोष्ट तिथं कळते

हे घरी करता येतं पण एकट्याने नका करू, बाजूला कोणीतरी पाहिजे आणि मागे पलंग पाहिजे. पाच मिनिटं चुपचाप आडवं पडायचं, बीपी आणि नाडी लिहायची. मग उभं राहायचं, कशालाच न टेकता, आणि १ मिनिटाला, ३ मिनिटांना, मग ५ आणि १० मिनिटांना परत दोन्ही लिहायचं. हात दर वेळी छातीच्या उंचीवर दुसऱ्याने धरून ठेवायचा. फार गरगरलं तर लगेच आडवं व्हा, टेस्ट पूर्ण करायची जिद्द नको.

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायात आणि पोटात उतरतं. शरीर लगेच नसा आवळतं, नाडी थोडी वाढवतं आणि डोक्याकडे रक्त जात राहतं. पहिल्या तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला आणि पडलेलाच राहिला तर ही व्यवस्था नीट चालत नाहीये असं समजायचं. तरण्या माणसात त्याचं कारण बहुतेक पाणी कमी, रक्त गेलेलं, नाहीतर एखादी गोळी. गोळीबद्दल विचारलं की सगळे नाही म्हणतात आणि मग दहा मिनिटांनी आठवतं की मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू आहे, किंवा केस गळतात म्हणून मिनॉक्सिडिल खातोय. ही दोन्ही बीपी कमी करणारी औषधं हो!

कधी बीपी पडत नाही पण नाडी ३० ने किंवा त्याहून जास्त वाढते आणि दहा मिनिटं तशीच राहते (१९ वर्षांपर्यंतच्या पोरांत ४० ने वाढली तर धरायची), सोबत धडधड, डोकं हलकं, हात थरथरणं, आणि हे तीन महिन्यांपासून रोजचंच. त्याला पॉट्स म्हणतात. व्हायरल तापानंतर, कोविडनंतर पण हे सुरू झालेलं दिसतं. ते हार्ट बंद पडणारं दुखणं नाही, पण मनाचे खेळ म्हणून हाकलून लावण्यासारखं पण नाही, त्यासाठी फिजिशियनकडे जा आणि आपला कागद सोबत न्या.

आपल्या पोरीचा कागद असा होता: आडवी १०२/६४ नाडी ६८. उभी १ मिनिट ९८/६६ नाडी ८४. ३ मिनिटं ९६/६६ नाडी ८८. १० मिनिटं ९४/६६ नाडी ९२. वरचा आकडा ८ ने पडला, खालचा थोडा वाढला, नाडी २४ ने वाढली. म्हणजे सगळी यंत्रणा बरोबर काम करतेय.

एक अजून प्रकार आहे जो या मशीनमध्ये पकडला जात नाही. पलंगावरून किंवा खाली जमिनीवरून झटकन उठलं की दहा-पंधरा सेकंद डोळ्यापुढे काळं येतं नि लगेच जातं. उंच, बारीक पोरांमध्ये हे फारच असतं. मशीनचा पट्टा फुगेपर्यंत बीपी परत जागेवर आलेला असतो. उठायच्या आधी दहा-वीस सेकंद पाय, मांड्या आवळा, एक मिनिट पलंगाच्या काठावर बसा, पुरे.

पडला कसा, तीन गोष्टी विचारा

यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि पेशंटपेक्षा ज्याने पडताना पाहिलं त्याला जास्त विचारते.

पहिलं, पडायच्या आधी शरीर कसं होतं? बराच वेळ उभं, लाईन, गर्दी, परेड, गरम पाण्याची आंघोळ, उपास, किंवा इंजेक्शन आणि रक्त पाहून? मग बहुतेक साधी भोवळच. बसलेला असताना पडला तरी ते साधं असू शकतं. पण आडवं पडलेलं असताना बेशुद्ध झाला, किंवा पळता-खेळता-जिना चढता चढता पडला, तर ते साधं धरायचंच नाही. इथं एक बारीक फरक आहे. पळणं संपवून, लाईन पार करून, एकदम थांबून उभा राहिला आणि मग पडला तर ते बहुतेक पायात साचलेल्या रक्ताचं असतं. पळता पळता मध्येच पडला तर हार्ट तपासल्याशिवाय परत मैदानावर नाही. दोन्हींत ईसीजी काढाच, पण दुसऱ्यात तर त्याच दिवशी.

दुसरं, आधी सूचना मिळाली का? जांभई, मळमळ, घाम, गरम वाटणं, कानात आवाज, नजर धूसर होत जाणं, ही साध्या भोवळीची खूण. शरीर अर्धा-एक मिनिट तरी आधी सांगतं. आपला भरतीवाला पोरगा काहीच न कळता पडला, हातसुद्धा पुढे गेले नाहीत म्हणून तोंड फुटलं. पडण्याच्या आधी छातीत एकदम धडधड झाली असेल, छातीत दुखलं असेल, किंवा अलार्म, फोनची रिंग अशा दचकवणाऱ्या आवाजाने पडला असेल, तर तेही हार्टच्या तालाचं असू शकतं.

तिसरं, उठल्यावर कसा होता? भोवळीत माणूस मिनिटाच्या आत शुद्धीवर येतो आणि लगेच ओळखतो, फक्त थकल्यासारखं वाटत राहतं. हात पाय चार-पाच सेकंद झटकले म्हणजे मिरगीच असं नाही, डोक्याला रक्त कमी पडलं की असे झटके येतात, आणि माणसाला उभंच धरून ठेवलं तर जास्त येतात. जिभेच्या कडेला चावा, एक-दोन मिनिटं जोराचे झटके, मग पंधरा-वीस मिनिटं भ्रमिष्टासारखं, हे असेल तर न्यूरोवाल्याला दाखवा. लघवी झाली यावरून मात्र काही ठरवू नका, ती दोन्हींत होते.

आणि एक प्रश्न सगळ्यांना: घरात, नात्यात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं का? लोक "नाही" म्हणतात. मग मी विचारते, कोणी विहिरीत बुडून, गाडी एकट्यानेच धडकवून, झोपेत असं गेलं का? पोराची आई म्हणाली, "हो ना, याचे काका गेले वावरात काम करता करता, बत्तीस वर्षांचे होते, लोक म्हणे साप चावला." पोराच्या ईसीजीत मोठाल्या लाटा आणि काही ठिकाणी उलट्या टी लाटा. इको केला तर हार्टच्या मधल्या पडद्याची जाडी २२ मिलीमीटर, एरवी ती साधारण ११-१२ च्या आत असते. हे घराण्यातून येणारं जाड हार्ट. पळताना अशा हार्टचा ताल बिघडू शकतो. भरती सुटली त्याची, खूप रडला, पण आता त्याच्या भावाबहिणीचा पण ईसीजी-इको झालाय आणि बहिणीत पण थोडं सापडलंय.

मग तपासण्या कोणत्या, आणि कोणत्या नाही

एकदा तरी भोवळ येऊन पूर्ण बेशुद्ध पडला असेल तर ईसीजी काढा, दहा मिनिटांचं काम आहे. नीट कहाणी, उभं-आडवं बीपी, आणि ईसीजी, एवढ्यावर बहुतेकांचा निकाल लागतो. सोबत हिमोग्लोबिन, शुगर, आणि पोरीची पाळी चुकली असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट. कहाणीत किंवा ईसीजीत गडबड असेल तर इको आणि होल्टर, म्हणजे २४ तास अंगावर लावून ठेवायचा ईसीजी. डोक्याचा सीटी, एमआरआय, मानेच्या नसांची सोनोग्राफी, हे साध्या भोवळीत करून काही हाती लागत नाही, पैसे तेवढे जातात. ज्यांची भोवळ वारंवार येते आणि कळत नाही त्यांना टिल्ट टेबल टेस्ट असते, पलंगाला बांधून उभं करतात नि बीपी पाहतात.

अशक्तपणा मात्र वेगळा धरा

हे सगळ्यात जास्त गुंतलेलं आहे. पोरगी म्हणते थकवा, जिना चढला की दम, डोकं दुखतं, आणि घरचे म्हणतात बीपी लो आहे म्हणून. ९५ चा बीपी कोणाला दिवसभर थकवत नाही हो! थकव्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. कोराडीवाल्या पोरीचं हिमोग्लोबिन निघालं ९.६, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातलं लोहाचं कोठार, फक्त ७. पाळीत सहा-सात दिवस जास्त जायचं, दर दोन तासांनी पॅड बदलायची आणि तिला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं. आपल्या विदर्भात अजून एक पाहावं लागतं, सिकलसेल, म्हणजे घराण्यातून येणारा रक्ताचा आजार. म्हणून हिमोग्लोबिन कमी असलं की मी लोहाची गोळी द्यायच्या आधी सिकलची टेस्ट आणि फेरिटिन दोन्ही करते. तिची सिकल निगेटिव्ह आली. मग ६० मिलीग्रॅम लोह असलेली गोळी एक दिवसाआड, लिंबू सरबतासोबत, चहा-दूध दोन तास लांब, आणि पाळीसाठी बायकांच्या डॉक्टरकडे. महिन्याने हिमोग्लोबिन १०.९. गोळी मात्र हिमोग्लोबिन बरोबर झाल्यावरही तीन महिने चालू ठेवायची, नाहीतर कोठार रिकामंच राहतं आणि सहा महिन्यांनी परत तेच. तिचा बीपी शेवटपर्यंत शंभरच्या आसपासच राहिला, थकवा मात्र गेला.

थायरॉईड आणि बी १२ पण पाहून घ्यावं, विशेषतः घर शाकाहारी असेल तर. आणि एक दुर्मिळ पण सुटू नये असं: महिनोन्‌महिने थकवा, वजन उतरतंय, मीठ-लोणचं खायची भलती ओढ, उलट्या, आणि अंग काळवंडतंय. उन्हाने काळं होतं ते चेहरा-हात, पण इथं हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुने व्रण काळे पडतात. हा ॲडिसनचा आजार, किडनीवरच्या ग्रंथी हार्मोन बनवायचं सोडतात, आपल्याकडे टीबीमुळे पण होतो. सोडियम-पोटॅशियम आणि सकाळी आठ-नऊची कॉर्टिसोल टेस्ट करायची. यात बीपी खरंच आजाराने लो असतो आणि सलाईनवर तात्पुरतं बरं वाटून लोक फसतात. तसंच वजन कमी करायच्या नादात पोरगी खाणंच सोडतेय, नाडी ५० च्या खाली गेलीय आणि पाळी बंद आहे, तर तिला पण "बारीक आहे म्हणून लो" म्हणून सोडू नका.

रात्री-बेरात्री पण निघायचं अशा वेळा

पळताना किंवा आडवं असताना बेशुद्ध, छातीत दुखणं, दम. काळी डांबरासारखी शी किंवा रक्ताची उलटी. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला दुखतंय आणि भोवळ येतेय, तर गर्भ नळीत राहून ती फुटलेली असू शकते, यात तासाभराचा उशीर पण जिवावर येतो. मे महिन्यात, नवतप्यात, उन्हातून आल्यावर अंग तापलेलं आणि बरळतोय, तर तो लो बीपी नाही, उष्माघात आहे, अंगावर पाणी टाका, पंखा लावा आणि १०८ ला फोन.

आणि पावसाळ्यानंतरचा डेंगू. यात एक गोष्ट मी प्रत्येकाला समजावते. ताप उतरला की घरचे खुश होतात, पण धोका तेव्हाच सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोट दुखतंय, सारखी उलटी, हातपाय गार, आणि बीपी ९६/८०. वरचा ९६ पाहून लोक म्हणतात हिचा नेहमीच एवढा असतो. अहो, खालचा पाहा. वरच्या-खालच्यातला फरक २० किंवा कमी झाला म्हणजे नसांतून पाणी गळतंय, लगेच ॲडमिट.

साधी भोवळ असेल तर काय करायचं

सलाईन आधी डोक्यातून काढा. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, म्हणजे छोटा चमचाभर मीठ. त्यातलं बरंचसं तासाभरात नसांमधून बाहेर पडतं. ज्याला तोंडाने पिता येतं त्याने पन्हं प्यावं, आमसुलाचं सार प्यावं, ओआरएस प्यावं, सुई कशाला टोचून घ्यायची.

दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, आपल्या एप्रिल-मेमध्ये तीनच्या वर, लघवी फिकट राहील एवढं. लाईनीत, परेडला, रक्त द्यायला जायच्या आधी अर्धा लिटर पाणी दोन-तीन मिनिटांत घटाघटा प्यायचं, त्याने बीपीला तासभर तरी आधार मिळतो. मीठ थोडं वाढवलं तर काहींना फायदा होतो, पण आपल्याकडे सावजी, लोणचं, पापड खाणाऱ्याच्या पोटात आधीच भरपूर जातं, आणि ज्याला हाय बीपी, किडनी, हार्टचं काही आहे त्याने तर वाढवूच नये. कॉफीचा उपाय सगळे सांगतात, पण त्याने थोडाच वेळ फरक पडतो.

खरा कामाचा उपाय फुकटचा आहे. जांभई-मळमळ सुरू झाली की पाय एकावर एक आडवे टाका, मांड्या, कुल्ले, पोट गच्च आवळा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बाहेर ओढा. बरं वाटेपर्यंत सोडू नका. पिळल्यासारखं रक्त पायातून वर ढकललं जातं आणि काही सेकंदात बीपी वर येतो. घरी बरं असताना चार-पाचदा करून पाहा, कारण अंधारी आल्यावर आठवत नाही. आणि तरीही नजर जायला लागली तर सरळ खाली बसा, जमलं तर आडवं व्हा. आडवं पडलेल्या माणसाला चक्कर काही पाडू शकत नाही.

दुसरा कोणी पडला तर त्याला धरून उभं करू नका, खुर्चीवर पण बसवू नका. आडवं टाका, पाय फूटभर वर, गर्दी हटवा, तोंडात पाणी-साखर काही घालू नका, उलटी येत असेल तर कुशीवर. दहा मिनिटं तसंच राहू द्या. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर १०८. आणि श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर वाट पाहायची नाही, छाती दाबायला सुरुवात करायची.

कोराडीवाली पोरगी मागच्या नवरात्रात परत गेली होती. निघताना पाणी प्यायली, उपासाला साबुदाणा आणि दही खाल्लं, तरी तासाभराने एक जांभई आली, दुसरी आली. तिने पाय आडवे टाकून मांड्या आवळल्या आणि दोन मिनिटांनी सरळ लाईनीतच खाली मांडी घालून बसली. मागची मावशी म्हणाली, "अवं पोरी, उठ ना, लाईन सरकली." ती म्हणाली, "मावशी, तुम्ही जा पुढे, मी पाच मिनिटं बसतेच."